वहीतले किती, फॉर्मातले किती

डोंबिवलीतली माझी भाची दिवाळीचा फराळ करून विकते. २०२३ सालापर्यंत तिच्या ऑर्डरी वहीत लिहिल्या जायच्या: नाव, मोबाइल, पत्ता, चकली किती, अनारसे किती. २०२४ मध्ये तिने ऑनलाइन फॉर्म केला आणि गिऱ्हाइकांनी आपापली माहिती आपणच भरली. पुढच्या दिवाळीची तयारी करताना तिला प्रश्न पडला, की वहीतली किती माणसं फॉर्मात परत आली, किती आलीच नाहीत आणि फॉर्मात नवी किती. न आलेल्यांना ती फोन करणार होती. वही तिने संगणकावर टाइप करून घेतली, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि दोन संध्याकाळी डोळ्यांनी जुळवत बसली. तिसऱ्या संध्याकाळी फोन आला, "मामा, तू ऑफिसात हेच करतोस ना?"

हेच करतो. पंचवीस वर्षं डेटाबेसमध्ये घालवल्यावर दोन याद्या जुळवण्याचं काम मी किती वेळा केलं ते मोजणं सोडून दिलंय. तिच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस हा फुकट मिळणारा डेटाबेस टाकला, वहीची आणि फॉर्माची सीएसव्ही फाइल दोन टेबलांत भरली. वहीच्या टेबलात २१२ ओळी, फॉर्माच्या टेबलात २४०. एसक्यूएल तिला कॉलेजात होतं, परीक्षेपुरतं.

या कामासाठी एसक्यूएलमध्ये दोन शब्द आहेत, इंटरसेक्ट आणि एक्सेप्ट. नववीच्या गणितात पहिलंच प्रकरण संचांचं असतं. एकमेकांवर चढलेली दोन वर्तुळं तिथे पाहिलेली असतात. दोन्ही वर्तुळांत असलेला मधला डोळ्यासारखा भाग म्हणजे इंटरसेक्ट. एका वर्तुळातून दुसरं कापून काढल्यावर उरणारी चंद्रकोर म्हणजे एक्सेप्ट. चंद्रकोरी दोन असतात, डावी आणि उजवी, त्यामुळे एक्सेप्टमध्ये कोणती यादी आधी लिहिली यावर सगळं अवलंबून. वही वजा फॉर्म म्हणजे न आलेले जुने, फॉर्म वजा वही म्हणजे नवे. इंटरसेक्ट उलटसुलट कसंही लिहा, उत्तर तेच.

भाचीने पहिली क्वेरी स्वतः लिहिली.

```sql
select naav, mobile from vahi23
intersect
select mobile, naav from form24;
```

उत्तर आलं शून्य ओळी. एकही गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणे! तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण निदान पंधरा-वीस जण तर तिला तोंडपाठ होते.

चूक तिच्या तिसऱ्या ओळीत आहे. फॉर्मात मोबाइल आधी विचारला होता आणि नाव नंतर, त्या क्रमाने तिने लिहिलं. इंटरसेक्ट आणि एक्सेप्ट रकान्यांची नावं पाहत नाहीत, जागा पाहतात. वरचा पहिला रकाना खालच्या पहिल्याशी, वरचा दुसरा खालच्या दुसऱ्याशी. म्हणजे इथे माणसांच्या नावांची फोन नंबरांशी तुलना चालली होती. एक रकाना आकड्यांचा आणि दुसरा मजकुराचा असता, तर डेटाबेसने निदान तक्रार केली असती. इथे दोन्ही मजकूर, त्यामुळे त्याने निमूटपणे तुलना केली आणि प्रामाणिकपणे शून्य सांगितलं. मी पूर्वी होतो त्या एका कंपनीत अशाच उलट्या रकान्यांमुळे एक अहवाल तीन महिने चुकीचा जात होता आणि कोणालाच पत्ता नव्हता, कारण तिथे एक्सेप्ट होतं. इंटरसेक्टचं शून्य खटकतं. एक्सेप्टमधून आलेली भली मोठी यादी खरीच वाटते.

क्रम सुधारला. आता उत्तर आलं ९.

नऊही पटण्यासारखे नव्हते. पण ही क्वेरी विचारत काय होती ते पाहिलं पाहिजे. दोन रकाने दिले की दोन्ही अक्षर न् अक्षर जुळले तरच ती ओळ दोन्हीकडे आहे असं मानलं जातं. वहीत 'सौ. जोशी' आणि फॉर्मात 'वैशाली जोशी' असेल तर ती दोन माणसं. वहीत देवनागरी आणि फॉर्मात रोमन, तीही दोन माणसं. नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस पडली तरी ते माणूस वेगळं. जितके जास्त रकाने द्याल तितकं जुळणं अवघड होतं आणि इंटरसेक्ट लहान होत जातो. तेव्हा आपल्या दृष्टीने 'तेच गिऱ्हाईक' म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. भाचीने ठरवलं, तोच मोबाइल म्हणजे तेच घर. फराळाच्या धंद्यात ही व्याख्या ठीक आहे, कारण ऑर्डर घराची असते, माणसाची नसते.

फक्त मोबाइल घेतल्यावर ९ चे ६१ झाले.

मग दोन्हीकडचे नंबर नुसते वाचून काढले. मी हे नेहमी करतो, निदान पन्नासेक ओळी डोळ्यांखालून घालतो. वहीत कुठे पाच आकड्यांनंतर स्पेस, कुठे आधी शून्य. फॉर्मात कुणी +91 लावलेलं, कुणी मध्ये आडव्या रेघा दिलेल्या. आणि दोन-चार आजोबांनी नंबर मराठी आकड्यांत भरलेला, ९८ ने सुरू होणारा. डेटाबेसच्या लेखी ९ आणि 9 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, जसा क आणि K यांचा नाही. म्हणून आधी मराठी आकडे इंग्रजीत आणायचे, मग आकडा नसलेलं सगळं पुसायचं आणि शेवटचे दहा आकडे ठेवायचे. हे प्रत्येक क्वेरीत पुन्हा लिहायला नको म्हणून एक व्ह्यू केला, म्हणजे मूळ टेबल तसंच ठेवून त्यावर बसवलेली गाळणी.

```sql
create view vahi_saf as
select naav,
  right(regexp_replace(
    translate(mobile, '०१२३४५६७८९', '0123456789'),
    '[^0-9]', '', 'g'), 10) as mobile
from vahi23;
```

फॉर्मासाठी तसाच `form_saf`. या गाळणीत एक खोच आहे. वहीच्या एका रकान्यात दोन नंबर लिहिलेले असतील, नवऱ्याचा आणि बायकोचा, तर सगळे आकडे एकाला एक चिकटून शेवटचे दहा उरतात, म्हणजे पहिला नंबर गायब. उलट स्प्रेडशीटने लांब नंबराचा 9.19E+11 असा अवतार करून ठेवला असेल, तर आकडे दहापेक्षा कमी भरतात आणि मूळ नंबर त्या फाइलमधून कायमचा गेलेला असतो. म्हणून शेवटचे दहा कापण्याआधी आकडे किती आहेत ते मोजून पाहावं. दहा, अकरा आणि बारा सोडून काही आलं तर ती ओळ हाताने बघायची. वहीत अशा तीन ओळी निघाल्या, तिन्ही दोन-दोन नंबरांच्या. त्या भाचीने सुधारल्या.

आता तीन आकडे एकामागून एक काढले.

```sql
select count(*) from (
  select mobile from vahi_saf
  intersect
  select mobile from form_saf
) as t;
```

हे ११९ आले. मधल्या शब्दाच्या जागी एक्सेप्ट घातल्यावर ६९. टेबलांची अदलाबदल करून पुन्हा एक्सेप्ट, ८७. भाची टाळी वाजवून फोन करायला उठली होती. तिला म्हटलं थांब, हिशोब जुळतो का पाहू.

हा हिशोब सोपा आहे आणि मी तो कधीच टाळत नाही. वहीतला प्रत्येक नंबर एक तर फॉर्मात आहे किंवा नाही, तिसरी शक्यता नाही. म्हणजे ११९ आणि ६९ मिळून वहीतले सगळे वेगवेगळे नंबर झाले पाहिजेत. बेरीज १८८. आणि वहीतले वेगवेगळे नंबर `count(distinct mobile)` ने मोजले तर १८७. फॉर्माकडूनही तेच: ११९ आणि ८७ मिळून २०६, मोजले तर २०५.

भाचीचा पहिला संशय वेगळ्याच जागी गेला. वहीत ओळी २१२ आहेत, मग १८७ कसे? ते मात्र बरोबर होतं. काही घरांनी दोनदा-तीनदा ऑर्डर दिली होती आणि इंटरसेक्ट, एक्सेप्ट दोन्ही पुनरावृत्ती काढून टाकतात. याचं मूळ १९७० सालात आहे. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड या गणितज्ञाने माहिती साठवायची नवी पद्धत मांडली, तेव्हा टेबल म्हणजे ओळींचा संच असं धरलं, आणि संचात तीच गोष्ट दोनदा नसते. पुढे एसक्यूएल आलं तेव्हा साध्या टेबलात त्याच त्या ओळी पुन्हा ठेवायला मुभा दिली गेली, पण या दोन क्रियांनी संचाचा बाणा सोडला नाही. साधा सिलेक्ट तुम्हाला २१२ दाखवतो आणि मधे इंटरसेक्ट आला की मोजणी बदलते, ते यामुळे. गिऱ्हाइकं मोजायची असताना हे आपल्या पथ्यावर पडतं. ऑर्डरी मोजायच्या असत्या तर पंचाईत होती. त्यासाठी एक्सेप्ट ऑल असा प्रकार आहे, जो तीनातून एक वजा करून दोन ओळी शिल्लक ठेवतो, पण तो सगळ्या डेटाबेसांत मिळत नाही.

तर एकाचा फरक कुठून आला? ११९ ची यादीच उघडली. नंबर, नंबर, नंबर आणि सगळ्यात खाली एक रिकामी ओळ.

वहीत ११ ओळींत मोबाइल लिहिलेलाच नव्हता आणि फॉर्मात ६ जणांनी तो रकाना सोडून दिला होता. अशा जागी डेटाबेस नल ठेवतो. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी जागाही नव्हे, 'माहीत नाही' अशी ती खूण आहे. आता वहीतला 'माहीत नाही' आणि फॉर्मातला 'माहीत नाही' हे एकच का? शहाणा माणूस म्हणेल, सांगता येत नाही. इंटरसेक्ट म्हणतो, एकच. या दोन क्रियांत सगळे नल सारखे धरले जातात, मग ११ नलांचा एक आणि ६ नलांचा एक होतो, ते दोन एकमेकांशी जुळतात आणि परत आलेल्या गिऱ्हाइकांत एक भूत दाखल होतं. `count(distinct mobile)` मात्र नल मोजत नाही, त्यामुळे हिशोबात नेमका एक कमी पडला. दोन्ही बाजूंना `where mobile is not null` घातलं आणि ११९ चे ११८ झाले. ११८ आणि ६९ मिळून १८७. ११८ आणि ८७ मिळून २०५. जुळलं.

भूत एकच होतं, मग एवढा खटाटोप कशाला, असं भाची म्हणालीच. उलट बाजू सांगतो. समजा वहीत नल आहेत आणि फॉर्मात एकही नाही. मग न आलेल्यांच्या यादीत ती रिकामी ओळ येईल, एकच. तिच्याआड मात्र अकरा ओळी आहेत, आणि त्यांच्यातलं कोण आलं, कोण नाही, हे या पद्धतीने कळणारच नाही. त्या अकरा जणांसाठी वहीच उघडावी लागते. त्यातल्या आठ जणांचे पत्ते भाचीला आठवत होते.

याच कामाची दुसरी एक पद्धत खूप जण वापरतात, नॉट इनची. इंटरनेटवर शोधलं की बहुतेक तीच सापडते, भाचीलाही सापडली.

```sql
select count(*) from vahi_saf
where mobile not in (select mobile from form_saf);
```

वाचायला अगदी सरळ: वहीतले असे नंबर, जे फॉर्मात नाहीत. उत्तर आलं ०. एक्सेप्टने ६९ सांगितले होते. कारण पुन्हा तेच सहा नल, पण इथे त्यांचा स्वभाव उलटा. नॉट इन प्रत्येक नंबर घेऊन विचारतो, हा फॉर्मातल्या पहिल्यापेक्षा वेगळा आहे का, दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे का, असं करत नलापाशी पोचतो. 'माहीत नाही' पेक्षा हा वेगळा आहे का? सांगता येत नाही. एका जरी प्रश्नाला खात्रीचं 'हो' मिळालं नाही तरी ती ओळ गाळली जाते, म्हणून सगळ्याच गाळल्या गेल्या. एका रिकाम्या रकान्याने अख्खी यादी पुसून टाकली. नॉट इनमध्ये नल कुणासारखाच नसतो आणि संचांच्या क्रियांत तो दुसऱ्या नलासारखा असतो; एकाच भाषेत हे दोन कायदे सुखाने नांदतात. मला हे कधीच आवडलेलं नाही, पण प्रमाणातच तसं लिहिलंय. याद्या जुळवताना एक्सेप्ट बरा म्हणतो तो या कारणाने: तो चुकलाच तर एका ओळीने चुकतो आणि ती ओळ पडद्यावर दिसते.

तुमच्याकडे वेगळा डेटाबेस असेल तर एवढं लक्षात ठेवा, की ओरॅकलमध्ये एक्सेप्टला वर्षानुवर्षं `MINUS` म्हणत आले आहेत, आणि मायएसक्यूएलमध्ये हे दोन्ही शब्द ऑक्टोबर २०२२ मधल्या 8.0.31 या आवृत्तीपासून आहेत. त्याआधीच्या मायएसक्यूएलवर काम शिकलेल्या मंडळींनी हे शब्द कधी वापरलेलेच नसतात.

६९ हाती आले, पण नुसते नंबर. फोन करायचा तर नाव हवं. एक्सेप्टमध्ये नाव टाकलं की तुलनाही नावावर होणार आणि पुन्हा ९ वाल्या गोंधळात पडणार. म्हणून आधी नंबरांची वजाबाकी, आणि उरलेले नंबर घेऊन परत वहीकडे.

```sql
select naav, mobile from vahi_saf
where mobile in (
  select mobile from vahi_saf
  except
  select mobile from form_saf);
```

एकेका घराच्या दोन-तीन ऑर्डरी असल्यामुळे ओळी ६९ पेक्षा थोड्या जास्त आल्या. यादी वाचता वाचता भाची एका नावावर थबकली. "ह्या गोऱ्हेकाकू तर आल्या होत्या. मीच डबे दिले त्यांना."

फॉर्मात शोधलं. गोऱ्हेकाकू होत्या, पण नंबर वेगळा. वर्षभरात नंबर बदलला होता. म्हणजे ६९ हे न आलेले नव्हते. त्या नंबराने न आलेले होते. डेटाबेसला आपण जे विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

मग उरलेल्या दोन चंद्रकोरी, ६९ जुन्यांची आणि ८७ नव्यांची, एकमेकींशी नावावर इंटरसेक्ट करून पाहिल्या. पाच नावं जुळली आणि नवल म्हणजे गोऱ्हेकाकू त्यात नव्हत्या. पडद्यावर दोन्हीकडे अगदी सारखं नाव, एकाखाली एक ठेवलं तरी फरक दिसेना. `length(naav)` ने अक्षरं मोजली, तर वहीतल्या आडनावाची ६ आणि फॉर्मातल्याची ७.

हा आपल्या मराठीचा खास दागिना. ऱ्ह मधला तो भुवईसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. कुठला कीबोर्ड कुठला प्रकार उमटवेल त्याचा नेम नाही. दिसायला दोन्ही सारखे, मोजायला वेगळे. आणि युनिकोडचे प्रकार एकसारखे करणारं `normalize` हे फंक्शनही इथे उपयोगी पडत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत हे दोन प्रकार एकमेकांचे पर्याय मानलेलेच नाहीत. ते अदृश्य चिन्ह नुसतं पुसलं तर आणखी पंचाईत, गोऱ्हे चं गोर्हे होतं. र, हलन्त आणि ते चिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त बसवायचं, हा एकच उपाय. गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाटे, तऱ्हाळे अशी आडनावं असलेली कुठलीही मराठी यादी जुळवण्याआधी एवढं करून घ्यावं.

ते केल्यावर गोऱ्हेकाकू सहाव्या. बाकीचं काम क्वेरीच्या आवाक्याबाहेरचं होतं. जुन्यांची आणि नव्यांची नावं, पत्ते शेजारी लावून भाची बसली आणि अर्ध्या तासात तिने आणखी आठ जोड्या काढल्या: वहीत सासूचं नाव आणि नंबर, फॉर्मात सुनेचे, पत्ता एकच. कुलकर्णी आणि कुळकर्णी. एकीकडे 'दुसरा मजला, देशपांडे', दुसरीकडे रोमन लिपीत पूर्ण नाव. सगळे मिळून १४. दोनशे बाराच्या वहीपेक्षा साठ-सत्तर नावं डोळ्यांनी जुळवणं सोपं जातं, एवढाच आमच्या सगळ्या खटपटीचा फायदा म्हणा.

तर परत आलेली घरं ११८ आणि १४ मिळून १३२, न आलेली ५५, नवी ७३. पुन्हा बेरीज केली. १३२ आणि ५५ मिळून १८७, १३२ आणि ७३ मिळून २०५.

भाचीने ५५ जणांची यादी छापून घेतली आणि पहिला फोन लावला. स्पीकरवर मीही ऐकत होतो. पलीकडच्या बाई हसल्या. "अगं, तुझ्याकडूनच आला फराळ. लेकीने पुण्याहून भरला तो फॉर्म, तिच्याच नावाने आणि नंबराने. पत्ता तेवढा आमचा."

पण फॉर्मात पत्ताही पुण्याचाच होता. लेकीने डबे तिकडे मागवून पाडव्याला घेऊन यायचं ठरवलं होतं, हे बोलता बोलता कळलं. भाचीने छापलेल्या कागदावरचं पहिलं नाव खोडलं आणि वरच्या ५५ चे ५४ केले.